सरासरी ७४, हवेत ८०: शक्यता किती?

सर,
मी पारोळा तालुक्यातला. पोलीस भरतीची ही माझी दुसरी खेप. मैदानी झाली, ५० पैकी ४२ आले. लेखीला सात आठवडे आहेत. मागच्या मेरिटवरून हिशेब लावला तर लेखीत १०० पैकी ८० तरी पाहिजेत. अमळनेरच्या अभ्यासिकेत आतापर्यंत बारा सराव पेपर वेळ लावून सोडवले. गुण क्रमाने असे: ७१, ७८, ६६, ७४, ८३, ७०, ७६, ७२, ६८, ८१, ७५, ७४. अकॅडमीचे सर म्हणतात, ८३ पाडलेत म्हणजे ८० तुझ्या आवाक्यात आहेत. रूमवरचा मित्र म्हणतो, सरासरी ७४ आहे, तेवढेच पडतील. त्याचीही सरासरी ७४ च आहे, पण तो कायम ७२ ते ७६ मध्येच असतो. कोणाचं खरं मानू? आबा म्हणतात, जिनिंगमध्ये रात्रपाळीचं काम मिळतंय ते घे. आई रोज फोनवर विचारते, "यंदा व्हई जाई ना?" तिला काय सांगू? संख्याशास्त्र मला येत नाही, दहावीपर्यंतचं गणित येतं.
एक उमेदवार

भाऊ,

दहावीचं गणित पुरेल. बेरीज, वजाबाकी आणि भागाकार एवढंच लागणार आहे.

सर एका पेपरवरून बोलतायत आणि मित्र बारा पेपरांचा एकच आकडा करून बोलतोय. तुला हवं ते उत्तर मात्र तुझे गुण सरासरीच्या दोन्ही बाजूंना किती लांबवर फिरतात यात दडलेलं आहे. तू गुण क्रमाने लिहून पाठवलेस हे फार बरं केलंस, कारण क्रमाचाही उपयोग होणार आहे.

आधी तो ८३ घेऊ. बारा पेपर दिले की त्यातला एक सगळ्यांत वरचा असणारच. गुण जेवढे फिरतात आणि पेपर जेवढे जास्त, तेवढा तो वरचा आकडा आपोआप वर सरकतो. तुझी तयारी तसूभर न वाढता तू आणखी अठरा पेपर दिलेस, तर एखाद्यात ८४ किंवा ८५ सुद्धा पडतील. म्हणजे ८३ हा काही तुझ्या ताकदीचा पुरावा नाही. सरासरी ७४ असणाऱ्या आणि तुझ्याइतका चढउतार असणाऱ्या मुलाच्या बारा पेपरांत सर्वांत वरचा गुण साधारण ८२-८३ च निघतो. तसाच सर्वांत खालचा ६५-६६ निघतो, आणि तोही तुझ्या यादीत आहे. जो ८३ ला आपला मानतो त्याने ६६ लाही आपला मानायला पाहिजे.

आता हिशेब. सरासरी ७४ आहेच. प्रत्येक पेपर या ७४ पासून किती दूर पडला ते लिही. वर की खाली हे बघू नको, फक्त अंतर. ७१ चं अंतर ३, ७८ चं ४, ६६ चं ८, ७४ चं शून्य, ८३ चं ९, ७० चं ४, ७६ चं २, ७२ चं २, ६८ चं ६, ८१ चं ७, ७५ चं १ आणि शेवटच्या ७४ चं पुन्हा शून्य. बेरीज ४६. भागिले १२ म्हणजे ३.८. याला आपण चार धरू आणि हेलकावा म्हणू. तुझा एखादा पेपर सरासरीपासून साधारण चार गुण इकडे किंवा तिकडे पडतो, एवढाच त्याचा अर्थ.

हा आकडा खरोखर उपयोगी आहे का, ते लगेच तपासता येतं. सरासरीच्या दोन्ही बाजूंना एकेक हेलकावा मोजला तर ७० ते ७८ हा पट्टा मिळतो. गुण मध्यभागी दाट आणि दोन्ही टोकांना विरळ होत जात असतील, तर दहापैकी सुमारे सहा पेपर या पट्ट्यात पडायला हवेत. तुझे बारापैकी आठ पडलेत. दोन हेलकावे मोजले तर पट्टा ६६ ते ८२ होतो आणि त्यात दहापैकी जवळजवळ नऊ पेपर यावेत. तुझे बारापैकी अकरा आलेत, बाहेर फक्त तो ८३. आकडे जुळतायत, तेव्हा पुढे जायला हरकत नाही. समजा, निम्मे पेपर साठीत, निम्मे ऐंशीत आणि मधे कोणीच नाही असं असतं, तर ही पद्धत तिथेच सोडून द्यावी लागली असती. तशा यादीत दोन वेगवेगळ्या तऱ्हेचे पेपर एकत्र मिसळलेले असतात. ते आधी वेगळे करावे लागतात.

तुझं लक्ष्य सरासरीच्या सहा गुण वर आहे. सहाला चारने भागलं की दीड. म्हणजे लक्ष्य दीड हेलकावा लांब आहे. आता पुढचे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव, कारण ते दर वेळी लागतील. लक्ष्य बरोबर सरासरीवर असेल तर शक्यता निम्मी. अर्धा हेलकावा वर असेल तर तिनात एक. एक हेलकावा वर असेल तर पाचात एक. दीड असेल तर नवात एक. दोन असतील तर वीसात एक. लक्ष्य सरासरीच्या खाली असेल तर हेच आकडे उलटे वाचायचे: एक हेलकावा खाली असेल तर पाचात चार वेळा जमेल.

तुझा जबाब म्हणजे नवात एक. त्याला एक साधी उलटतपासणी आहे: बारापैकी किती पेपरांत ८० किंवा जास्त पडले ते मोज. दोन, ८३ आणि ८१. म्हणजे सहात एक. दोन वाटांनी आलेली उत्तरं जवळजवळ आहेत. मी असतो तर मधला आकडा धरला असता, सात-आठात एक. नुसती मोजणी का पुरत नाही, तर बारा पेपरांत एखादा इकडचा तिकडे झाला की उत्तर एकदम बदलतं. ८१ च्या जागी ७९ पडले असते तर मोजणी लगेच बारात एकवर आली असती. हेलकाव्याच्या हिशेबात मात्र सगळे बारा पेपर भाग घेतात, म्हणून तो एवढ्या तेवढ्याने हलत नाही.

आणि हे उत्तरही दगडावरची रेघ मानू नको. बारा पेपरांची सरासरी स्वतःच दीडेक गुणाने इकडेतिकडे असू शकते. तुझी खरी पातळी ७२.५ असेल तर शक्यता पंधरात एकच्या आसपास उतरते, आणि ७५.५ असेल तर पाच-सहात एकपर्यंत चढते. त्यामुळे कोणी "तुझी शक्यता साडेबारा टक्के" असं सांगितलं तर त्या अर्ध्या टक्क्यावर विश्वास ठेवू नको. तुझ्या बारा पेपरांतून एवढंच निघतं: आज परीक्षा झाली तर ८० पडणं अशक्य नाही, पण न पडण्याकडे पारडं बरंच झुकलेलं आहे. आईला हेच सांग, तिच्या शब्दांत. आज पेपर झाला तर आठ वेळा देऊन एखाद्या वेळी होईल, आणि सात आठवड्यांत ते आठात दोन किंवा तीन करायचं काम चालू आहे, असं. आया आकड्यांना घाबरत नाहीत. मुलगा काहीतरी लपवतोय असं वाटलं की घाबरतात.

मित्राची गोष्ट इथे फार बोलकी आहे. त्याची आणि तुझी सरासरी एकच, पण तो ७२ ते ७६ मध्ये फिरतो म्हणजे त्याचा हेलकावा जेमतेम सव्वा गुणाचा. त्याच्यासाठी ८० हे लक्ष्य पाच हेलकावे लांब आहे. त्याच्या आजच्या तयारीत ८० जवळजवळ येणारच नाहीत. पण समजा, त्याच्या प्रवर्गाचं मेरिट कमी असेल आणि त्याला ७० पुरत असतील, तर त्याला चिंतेचं कारण नाही. तुला ७० हवे असते तर मात्र पाचातून एक वेळ तुझा घात झाला असता. तुझ्या यादीत ६६ आणि ६८ आहेतच. लक्ष्य सरासरीच्या वर असताना मोठा हेलकावा मदत करतो, आणि लक्ष्य खाली असताना तोच नडतो. म्हणून "सातत्य ठेव" हा सल्ला प्रत्येकाला सारखा लागू पडत नाही. तू ७४ वरच स्थिर झालास तर ८० कधीच पडणार नाहीत. तुला आधी सरासरी वर न्यायची आहे. स्थिर व्हायचं ते लक्ष्याच्या वर गेल्यानंतर.

किती वर न्यायची, याबाबतीत खूप मुलं फसतात. त्यांना वाटतं, सरासरी ८० झाली की काम झालं. सरासरी ८० झाली म्हणजे शक्यता निम्मी झाली, बस. पाचात चार वेळा ८० पार करायचे असतील तर सरासरी एक हेलकावा वर, म्हणजे ८४ हवी. ७७ केलीस तर लक्ष्य पाऊण हेलकावा लांब राहतं आणि शक्यता चारात एकच्या आसपास येते. पहिले तीन गुण वाढवून शक्यता आठात एकवरून चारात एक होते, म्हणजे दुप्पट. हे तीन गुण सात आठवड्यांत आणण्यासारखे आहेत. दहा गुणांबद्दल मी तसं म्हणणार नाही.

पुढे जाण्याआधी क्रम बघून घे. तुझ्या पहिल्या सहा पेपरांची सरासरी ७३.७ आणि नंतरच्या सहांची ७४.३. म्हणजे चढ नाही, उतारही नाही, नुसते हेलकावे. म्हणूनच सगळे बारा एकत्र घ्यायला हरकत नव्हती. हेच बारा आकडे ६६, ६८, ७० असे चढत जाऊन शेवटी ७६, ७८, ८१, ८३ वर आले असते, तर सरासरीही तीच निघाली असती आणि हेलकावाही तोच, पण उत्तर साफ वेगळं असतं. तेव्हा शेवटच्या चारांची सरासरी ७९.५ धरून शक्यता जवळपास निम्मी म्हणावी लागली असती. सुरुवातीचे पेपर त्या मुलाबद्दल आता काहीच सांगत नसते. तेव्हा दर वेळी आधी यादीचे दोन भाग करून सरासरी ताडून बघ, आणि मगच हेलकावा काढ.

तुझे हेलकावे येतात कुठून? हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि याकडे कोणी बघत नाही. लेखीत शंभर प्रश्न, चार पर्याय, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. त्यामुळे कोणी प्रश्न सोडत नाही, न येणाऱ्यालाही गोळा काळा करतो. पुढच्या पेपरपासून जिथे तुक्का मारशील तिथे प्रश्नपत्रिकेवर बारीक ठिपका दे. मग तीन आकडे मिळतील: खात्रीने सोडवलेले किती, त्यातले चुकले किती, आणि तुक्के किती. समजा, खात्रीचे ६८ निघाले, त्यातले २ चुकले, आणि तुक्के ३२. चारात एक या दराने तुक्क्यांतून ८ यावेत. ६६ आणि ८ मिळून ७४. तुझ्या सरासरीवरून बघता असंच काहीसं निघेल असा माझा अंदाज आहे.

पण तुक्क्यांतून दर वेळी नेमके ८ येत नाहीत. हे तुला घरीच बघता येईल. दोन नाणी एकदम उडव. दोन्हीवर छापा आला तर "बरोबर", नाहीतर "चूक". हीसुद्धा चारात एकच शक्यता झाली. असं ३२ वेळा करून "बरोबर" किती आले ते लिही. हा एक पेपर झाला. असे दहा पेपर कर. कधी ५ येतील, कधी ११ येतील, आणि ८ पासूनचं सरासरी अंतर दोनच्या आसपास निघेल. म्हणजे काहीही न शिकता, काहीही न विसरता, नुसत्या नशिबाने तुझे गुण दोन-दोन गुणांनी हलतायत. ७८ चे ७४ झाले म्हणून रात्रभर जागणाऱ्या मुलांना हा नाण्यांचा खेळ मी मुद्दाम करायला लावतो. चार गुणांचा उतार हा पुष्कळदा उतार नसतोच.

नशिबाचा हेलकावा दोन, तुझा एकूण चार. हे दोन आकडे एकमेकांतून सरळ वजा होत नाहीत, पण एवढं दिसतं की मोठा वाटा नशिबाचा नाही, दुसऱ्या कशाचा तरी आहे. तो शोधायला प्रत्येक पेपरचे गुण चार भागांत फोडून लिही: गणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, आणि सामान्य ज्ञान व चालू घडामोडी. मग प्रत्येक भागाचा वेगळा हेलकावा काढ. व्याकरण बहुतेकांचं स्थिर असतं, कारण समास, प्रयोग, विभक्ती अशा ठरलेल्या विषयांच्या बाहेर पेपर फारसा जात नाही. सामान्य ज्ञान सगळ्यांत जास्त हलतं; त्याला काठच नाही. गणित हलत असेल तर बहुधा वेळेची अडचण असते: ९० मिनिटांत १०० प्रश्न, आणि गणिताला शेवटी हात घातला की ज्या दिवशी आधीचे भाग लांबतात त्या दिवशी गणिताचे चार-पाच प्रश्न न वाचताच गोळे काळे होतात. तुझ्या ६६ आणि ६८ च्या पेपरांत असं झालं होतं का, बघ. झालं असेल तर तिथे ज्ञान वाढवायची गरजच नाही, क्रम बदलला की भागतं.

आता ते तीन गुण. तुक्क्याचा एक प्रश्न खात्रीचा झाला की सरासरी पाऊण गुणाने वाढते, एकाने नाही, कारण पाव गुण तुक्क्यातूनही येतच होता. म्हणजे तीन गुणांना चार नवे खात्रीचे प्रश्न लागतात. दुसरी वाटही आहे. ज्या प्रश्नाचे चारपैकी दोन पर्याय तू ठामपणे खोडू शकतोस, तिथे शक्यता चारात एकवरून दोनात एक होते आणि पाव गुण मिळतो. असे बारा प्रश्न झाले की तेच तीन गुण. सामान्य ज्ञानात ही दुसरी वाट जास्त चालते. प्रश्न पूर्ण येत नसतो, पण दोन पर्याय नक्की चूक आहेत हे कळत असतं, आणि घाईत तेही न बघता गोळा काळा होतो. माझं मत विचारशील तर दोन गुण पहिल्या वाटेने आणि एक दुसऱ्या वाटेने, असं वाटून घे.

सराव पेपरांबद्दल एक काळजी घे. हा सगळा हिशेब पेपर खरे असतील तरच खरा. पोलीस भरतीत प्रत्येक घटकाचा पेपर वेगळा निघतो, म्हणून जुन्या पेपरांची पुस्तकं जिल्हावार असतात. जळगाव, धुळे, नंदुरबार, नाशिक ग्रामीण असे पूर्वी झालेले पेपर घे, आणि जे तू कधीच पाहिले नाहीत तेच मोज. एकदा सोडवलेला पेपर महिन्याने पुन्हा सोडवून ८५ पडले तर ते या यादीत लिहायचे नाहीत. अभ्यासिकेत तेच ते प्रश्न फिरवून काढलेला पेपरही तसाच. आणि कमी पडलेला पेपर "त्या दिवशी ताप होता" म्हणून खोडू नको. परीक्षेच्या दिवशीही ताप येऊ शकतो. पेपर धरायचा की नाही, हे गुण कळण्याआधी ठरवायचं.

शेजारी आणखी एक रकाना ठेव: त्याच पेपरात अभ्यासिकेतल्या बाकी मुलांची सरासरी किती. तुला ६६ पडले त्या दिवशी सगळ्यांचेच सात-आठ गुण घसरले असतील, तर पेपर अवघड होता. खऱ्या परीक्षेत पेपर अवघड निघाला तर मेरिटही खाली येतं, कारण पेपर सगळ्यांना तोच असतो. असा हेलकावा तुला फारसा मारत नाही. बाकीच्यांचे नेहमीसारखेच पडले आणि तुझेच घसरले, तर तो हेलकावा तुझा स्वतःचा, आणि तोच धोक्याचा. शक्य असेल तर हेलकावा नुसत्या गुणांवर न काढता "माझे गुण वजा बाकीच्यांची सरासरी" या फरकावर काढ. सहा-सात मुलं ठरलेली असली आणि तीच दर वेळी बसली तरी पुरतं.

यातच तुझ्या ८० या आकड्याचंही उत्तर आहे. मागच्या मेरिटवरून काढलेलं लक्ष्य स्वतःही हलतं. जागा किती, अर्ज किती, पेपर कसा, यावर ते दोन-तीन गुण सहज सरकतं. दोन गुण वर सरकलं तर तुझं लक्ष्य ८२, म्हणजे दोन हेलकावे लांब आणि शक्यता वीसात एक. दोन गुण खाली आलं तर ७८, म्हणजे एक हेलकावा आणि पाचात एक. केवढा फरक पडतो बघ! म्हणून एका आकड्याला चिकटून न राहता ७८, ८० आणि ८२ अशा तिन्ही लक्ष्यांसाठी शक्यता लिहून ठेव. मैदानीचे ४२ मात्र पक्के आहेत, ते आता हलत नाहीत.

राहिला प्रश्न रात्रपाळीचा. घरची पैशाची गरज किती आहे हे मला पत्रावरून कळत नाही, आणि आबा विनाकारण बोलत नसतील. पण कामाने अभ्यासाचं किती नुकसान होतंय हे तुला याच वहीतून कळेल. काम लागलं तर पुढच्या दोन आठवड्यांत चार नवे पेपर दे. झोप झालेली नसतानाही दे, कारण तेच तर मोजायचं आहे. एका पेपरवरून काही ठरवू नको, तो चार गुण इकडेतिकडे जाणारच. चार पेपरांची सरासरी मात्र एका पेपरच्या निम्मीच हलते, म्हणजे दोन गुण. म्हणून चार पेपरांची सरासरी ७२ किंवा ७३ आली तर काही सिद्ध झालं नाही, काम चालू ठेवता येईल. ७० किंवा त्याहून खाली आली तर ती दोन हेलकावे खाली गेली. एवढी घसरण नुसत्या नशिबाने क्वचितच होते. तेव्हा ते चार आकडे आबांना दाखव आणि लेखीपर्यंत रात्रपाळी सोडायची की दिवसपाळी मागायची, ते दोघं मिळून ठरवा. उलट ती ७६-७७ च्या वर गेली, तर नव्या सरासरीवरून सगळा हिशेब पुन्हा मांड, आणि त्या वेळी जुन्या बारांपैकी फक्त शेवटचे चार-पाच पेपर सोबत घे.